उन्हाळी शिबिराच्या पत्रकात मोबाईलबद्दल काय लिहावे?

«आम्ही दोघी बहिणी साताऱ्यात ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दर वर्षी मे महिन्यात दहा दिवसांचे उन्हाळी शिबिर घेतो. वेळ सकाळी ८ ते ११.३०. खेळ, मातीकाम, पुठ्ठाकाम, गोष्टी आणि एक दिवस अजिंक्यताऱ्यावर फेरी असा कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी "मोबाईलच्या विळख्यातून तुमच्या मुलाला सोडवा!" असा मथळा देऊन पत्रक काढले. फोन पुष्कळ आले, प्रवेश मात्र थोडेच झाले आणि शिबिर संपल्यावर दोन पालकांनी "मोबाईल तर सुटलाच नाही" अशी तक्रार केली. पालकांची काळजी खरी आहे आणि ती पत्रकात यावी असे आम्हाला वाटते. यंदा मजकूर कसा लिहावा?»
— दोघी बहिणी, सातारा

नमस्कार.

फोन जास्त, प्रवेश कमी आणि शेवटी तक्रार, या तिन्ही गोष्टींचे मूळ मला त्या एका मथळ्यात दिसते. 'सोडवा' असे वाचून फोन करणारे पालक पहिला प्रश्न "सुटेल ना?" हाच विचारणार. त्यावर तुमच्यासारखी प्रामाणिक माणसे "आम्ही प्रयत्न करतो, पण घरूनही साथ हवी" असे काहीतरी उत्तर देणार. उत्तर खरे असते, तरी मथळ्याने दिलेला शब्द फोनवर मागे घेतला जात असल्याचे ऐकणाऱ्याला जाणवते आणि तो "कळवतो" म्हणून फोन ठेवतो. ज्यांनी तरीही प्रवेश घेतला, त्यांनी मथळा शब्दशः खरा मानला होता. त्यांची तक्रार तुमच्या शिबिराबद्दल नसून पत्रकाबद्दल आहे.

तेव्हा मजकूर लिहायला बसण्याआधी एक साधा हिशेब मांडा. साडेतीन तासांचे दहा दिवस म्हणजे एकूण ३५ तास. सात वाजता उठून साडेनऊला झोपणारे मूल दिवसाला साडेचौदा तास जागे असते, म्हणजे शिबिराच्या दिवसांतही रोजचे अकरा तास ते तुमच्याकडे नसते. दहा दिवसांनंतर सुट्टीचे कितीतरी आठवडे उरतात ते वेगळेच. या अकरा तासांत मूल काय करेल हे घरची माणसे, घराची रचना, शेजारी मुले आहेत की नाहीत आणि दुपारचे ऊन यांवर ठरते. तुमच्या हातात साडेतीन तास पूर्णपणे आहेत आणि त्यानंतरच्या दुपारवर थोडासा प्रभाव आहे. पत्रकाने एवढेच वचन द्यावे. मात्र ते इतक्या नेमकेपणाने द्यावे की पालकाला ते डोळ्यांसमोर दिसेल.

आता त्या पालकाच्या मनात नक्की काय आहे ते पाहू, कारण 'स्क्रीनची काळजी' हा एकच शब्दप्रयोग अनेक निरनिराळ्या काळज्यांवर पांघरूण घालतो. नोकरीला जाणाऱ्या आईला दुपारी दोन ते पाच या वेळाची धास्ती असते. घरी आजी-आजोबा असतात, ते जेवणानंतर आडवे होतात, बाहेर ऊन असते आणि मूल शांत बसावे म्हणून फोन त्याच्या हाती जातो. घरूनच काम करणाऱ्या वडिलांना फोन काढून घेताना रोज होणाऱ्या भांडणाचा कंटाळा आलेला असतो. नव्या गृहसंकुलात राहायला आलेल्या कुटुंबाची अडचण आणखी वेगळी असते: तिथली मुले सुट्टीत गावी गेलेली असतात, खाली उतरले तरी खेळायला कोणी नसते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. फोन मुलाच्या हाती त्यांनीच दिलेला असतो, बहुतेक वेळा नाइलाजाने, आणि त्याची टोचणी त्यांना आधीपासूनच असते. 'विळखा', 'विनाश', 'हरवलेले बालपण' असे शब्द ती टोचणी वाढवतात. दोषी ठरवलेला माणूस पत्रक मिटवतो किंवा "तुझ्या मुलासाठी बघ" म्हणून बहिणीला पुढे पाठवतो. अशा मजकुरावर फोन पुष्कळ येऊ शकतात, पण त्यातले बरेचसे मन हलके करण्यासाठी केलेले असतात.

म्हणून काळजीचा उल्लेख करायचा तो एकाच वाक्यात, आरोप न करता आणि वेळेसह. "दुपारचे दोन वाजले की घरोघर फोनवरून वाद सुरू होतो" हे वाक्य कोणालाही दोष देत नाही, तरी ज्याच्या घरी हे घडते त्याला ते लगेच ओळखता येते. काळजीवर एक वाक्य, मग थेट तुमच्या शिबिरातली सकाळ, असा क्रम ठेवावा. गेल्या वर्षीच्या पत्रकात मोबाईलच्या तोट्यांवर किती ओळी होत्या आणि मातीकामावर किती, हे एकदा मोजून पाहा. माझा अंदाज असा आहे की तोट्यांच्या ओळी अधिक असतील, कारण अशी बहुतेक पत्रके तशीच लिहिली जातात. पण मोबाईलचे तोटे पालकाने शंभरदा ऐकलेले असतात. त्याला ठाऊक नसते ते हे की तुमच्याकडे मूल नऊ वाजून दहा मिनिटांनी नेमके काय करत असेल.

'व्यसन' हा शब्द तर पूर्णपणे वगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, व्हिडिओ गेम खेळण्याच्या अतिरेकाशी संबंधित एका विकाराची नोंद आहे. मात्र तो ठरवण्यासाठी अशा खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व देणे आणि नुकसान होऊनही तो चालू ठेवणे, अशी वागणूक साधारणपणे किमान १२ महिने दिसावी लागते, शिवाय तिचा घर, शाळा वा मैत्रीवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. ते निदान तज्ज्ञाने करायचे असते. सुट्टीत तीन-चार तास व्हिडिओ पाहणारे दहा वर्षांचे मूल त्यात सहसा बसत नाही, आणि ज्याला खरोखर तसा त्रास असेल त्याला मातीकामाच्या शिबिराआधी बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवे. याला आणखी एक बाजू आहे आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. आठ ते बारा वर्षांची मुले वाचतात. घरातल्या टेबलावर पडलेले तुमचे पत्रक मूलही वाचते. त्यात आपण रोगी आहोत असे दिसले, तर पहिल्या दिवशी ते मूल शिक्षा भोगायला आल्यासारखे येते आणि ते मन वळवण्यात तुमचे पहिले दोन दिवस जातात. पत्रक पालकाला उद्देशून असले तरी मुलाने वाचले तर त्याला यावेसे वाटले पाहिजे, ही कसोटी प्रत्येक वाक्याला लावा.

आकडे आणि संशोधन यांचाही मोह होईल, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. "जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांना दिवसाला एकच तास स्क्रीन" हे वाक्य मी अनेक पत्रकांत पाहिले आहे. संघटनेची ती मार्गदर्शक सूचना २०१९ सालची असून पाच वर्षांखालील मुलांसाठी आहे, आणि एक तासाची मर्यादा दोन ते चार या वयांना लागू होते. पाच ते सतरा वयोगटासाठी २०२० साली आलेल्या सूचनांत, बसून करमणुकीसाठी स्क्रीन पाहण्याचा वेळ मर्यादित ठेवावा एवढेच म्हटले आहे, तासांचा आकडा दिलेला नाही. त्याच सूचनांत दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे मात्र स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या वयोगटाला हा दुसरा आकडा लागू पडतो आणि तुम्ही तो खरोखर पुरा करू शकता. रोज तासभर लगोरी, लंगडी आणि आट्यापाट्या खेळवत असाल, तर "रोज पूर्ण एक तास धावण्याचे खेळ" एवढेच लिहा. संघटनेचे नाव घेण्याचीही गरज नाही.

शिबिरांच्या जाहिरातींत उपयोगी वाटेल असा एक अभ्यासही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. सहावीतली काही मुले पाच दिवस निसर्गशिबिरात स्क्रीनविना राहिली, त्याच शाळेतली इतर मुले नेहमीप्रमाणे घरी राहिली, आणि शिबिरातल्या मुलांची चेहऱ्यावरून व हावभावांवरून भावना ओळखण्याची क्षमता तुलनेने अधिक सुधारलेली आढळली. हे वाचून "पाच दिवसांत फरक, विज्ञानाने सिद्ध" असे लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तसे लिहू नका. ती मुले अहोरात्र शिबिरात होती, तुमची मुले साडेअकराला घरी जातात. गट जेमतेम पन्नासेक मुलांचे होते आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. फरक स्क्रीन नसल्यामुळे पडला की दिवसभर समोरासमोर एकत्र राहिल्यामुळे, हेही त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. तुमच्या उपयोगाची गोष्ट त्यात एकच आहे: मुलांना एकमेकांशी तोंडाने बोलून, वाद घालून, समजूत काढून करायची कामे जास्त द्या, आणि पत्रकात त्या कामांचे वर्णन करा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ शिबिरासारख्या सेवेलाही लागू आहे आणि फसवी जाहिरात त्यात दंडनीय आहे. त्याखाली जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांशी संबंधित जाहिरातींसाठी वेगळा भाग असून, पुरेशा पुराव्याशिवाय बुद्धिमत्ता किंवा शारीरिक क्षमता वाढेल असा दावा करणे त्यात फसवे मानले आहे. 'एकाग्रता दुप्पट', 'स्मरणशक्तीत वाढ', 'दहा दिवसांत मोबाईल बंद' या ओळी त्यामुळेही नकोत.

आता पत्रकात काय असावे ते पाहू. माझ्या मते सर्वांत जास्त महत्त्व तुमच्या शिबिरातल्या फोनच्या नियमाला द्यायला हवे, आणि आश्चर्य म्हणजे तोच बहुतेक पत्रकांत नसतो. 'मोबाईलमुक्त शिबिर' एवढे लिहून भागत नाही, कारण वाचणाऱ्या आईच्या मनात लगेच दुसरी काळजी उभी राहते: मुलाला काही झाले तर मला कसे कळणार? दोन्ही काळज्यांची उत्तरे एकाच परिच्छेदात द्या. मुलांनी फोन किंवा फोन लावता येणारे घड्याळ आणू नये. आणलेच तर ते दाराशी नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवले जाईल आणि घरी जाताना परत मिळेल. निरोप द्यायचा असेल तर या क्रमांकावर करावा, तो फोन एका ताईकडे सतत चालू असेल. मुलाला लागले, ताप आला किंवा ते रडून थांबत नसेल तर आम्ही लगेच फोन करू. एवढे वाचून पालकाला समजते की तुम्ही या गोष्टीचा खरोखर विचार केला आहे, आणि तो विश्वास कोणत्याही विशेषणाने मिळत नाही.

या नियमात मोठ्यांची बाजूही लिहावी लागेल. अनेक शिबिरांत मुलांचे फोन बंद असतात आणि ताई-दादा मात्र दर अर्ध्या तासाने फोटो काढून पालकांच्या गटावर टाकत असतात. मुलांना हे लगेच दिसते. मडके पूर्ण होण्याआधीच ते फोटोसाठी धरून उभे राहायचे असते, ही सवय त्यांना लागते, आणि कामावर बसलेली आईसुद्धा दर थोड्या वेळाने फोन उघडून आपले मूल शोधत राहते. तुम्हाला पुढच्या वर्षीच्या पत्रकासाठी फोटो हवेतच, म्हणून त्यांची वेळ ठरवा: एक ताई रोज शेवटची दहा मिनिटे फोटो काढेल आणि ते दुपारी बारानंतर एकदाच पाठवले जातील. मुलाचा फोटो गटाबाहेर कुठेही वापरण्याआधी पालकाची लेखी संमती घ्या आणि तसे पत्रकात सांगा. काही पालकांना फोटो कमी वाटतील. त्यांना कारण सांगितले की बहुतेकांना पटते, आणि ज्यांना पटणार नाही त्यांना ते प्रवेशाआधी कळलेले बरे.

दुसरी गोष्ट म्हणजे दुपार. पालकाची खरी धास्ती दुपारची आहे आणि तुमचे शिबिर तर साडेअकराला संपते, म्हणून पत्रकाने या उरलेल्या वेळाबद्दल मौन पाळले तर शिबिर पैसे देण्याजोगे आहे की नाही याची शंका राहतेच. इथे मी एक बदल सुचवतो, पण तो आधी शिबिरात करावा लागेल आणि मगच पत्रकात लिहिता येईल. रोजच्या कामांपैकी एक काम मुद्दाम अर्धे ठेवून ते मुलाबरोबर घरी पाठवा. पुठ्ठ्यावर सापशिडीचा पट आखून झाला असेल, तर साप आणि शिड्या घरी रंगवायच्या. गोष्टीची पहिली दोन पाने शिबिरात लिहिली असतील, तर शेवट घरी लिहून दुसऱ्या दिवशी वाचायचा. चिंचोके घासून एक बाजू पांढरी केली असेल, तर ते फासे घेऊन आजीबरोबर पाच डाव खेळायचे आणि कोण जिंकले ते लिहून आणायचे.

हे गृहपाठ होऊ नयेत आणि खरोखर दुपारी उपयोगी पडावेत, यासाठी काम निवडताना काही पथ्ये आहेत. मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय ते करता आले पाहिजे. कात्री, चाकू, विस्तव, भरपूर पाणी असे काही त्यात नको, कारण देखरेख करणारे कोणी झोपलेले असण्याची शक्यता आहे. ते पाऊण तास ते एक तासात संपावे. लांबले तर मूल सोडून देते आणि दहा मिनिटांचे असेल तर दुपार तशीच उरते. लागणारे सगळे साहित्य पिशवीतच द्यायला हवे, "घरातला डिंक वापरा" असे सांगितले की काम तिथेच अडते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पंधरा मिनिटे त्या पिशवीतल्या कामासाठी ठेवावीत, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून पिशव्या उघडल्याच जात नाहीत. ज्या दिवशी निम्म्याहून कमी मुले काम पुरे करून आणतील, त्या दिवसाचे काम चुकीचे निवडले गेले असे समजा आणि मुलांना न रागावता काम बदला. अशा पिशवीने दुपारचा एखादा तास भरतो, सगळी दुपार भरत नाही. पत्रकातही 'एक तास' असेच लिहा.

या सगळ्यातून मजकूर कसा उभा राहील याचा एक नमुना देतो. तारखा, शुल्क आणि मुलांची संख्या मी नमुन्यापुरती घातली आहे, तुम्ही तुमची घाला.

«सकाळी लगोरी, दुपारी अर्धी राहिलेली गोष्ट
८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवस, सातारा

सुट्टीत दुपारचे दोन वाजले की घरोघर फोनवरून वाद सुरू होतो. मुलाला दुसरे काही करायला नसते आणि मोठ्यांना कामे असतात. आमचे शिबिर मुलांना रोज सकाळचे साडेतीन तास देते आणि दुपारसाठी एक पिशवी.

सकाळी आठला सगळे मैदानात असतात. उन्हे चढायच्या आत पूर्ण एक तास धावण्याचे खेळ होतात: लगोरी, लंगडी, आट्यापाट्या. सव्वानऊला घरून आणलेला डबा. त्यानंतर सावलीत मातीकाम किंवा पुठ्ठाकाम, चार-चार मुलांच्या गटात. प्रत्येक गटाला एकच डिंकाची बाटली आणि एकच पट्टी मिळते, त्यामुळे मुलांना एकमेकांशी बोलूनच काम पुढे न्यावे लागते. शेवटचा अर्धा तास गोष्टीचा. एक दिवस पहाटे साडेसहाला निघून अजिंक्यताऱ्यावर जातो आणि ऊन तापायच्या आत खाली येतो.

घरी जाताना प्रत्येक मुलाला दुपारच्या पिशवीत एक अर्धे राहिलेले काम आणि त्याचे साहित्य मिळते. ते साधारण एक तासाचे असते आणि मुलाला एकट्याने किंवा आजी-आजोबांबरोबर करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापले काम दाखवतात.

शिबिरात मुलांनी फोन आणू नये. आणलाच तर तो नावाच्या पाकिटात राहील आणि घरी जाताना परत मिळेल. आमच्यापैकी एका ताईचा फोन मात्र सतत चालू असेल. तुमचा निरोप त्यावर द्या, आणि मुलाला काही झाले तर आम्ही त्याच फोनवरून लगेच कळवू. फोटो दिवसातून एकदाच, दुपारी बारानंतर पाठवू.

दहा दिवसांत मुलाच्या घरच्या सवयी बदलतील असे आम्ही सांगत नाही. सकाळ भरपूर खेळण्यात जाईल आणि रोज हातात करण्यासारखे काहीतरी घेऊन मूल घरी येईल, एवढे नक्की सांगतो.

५ ते १४ मे, सकाळी ८ ते ११.३०. २४ मुले, तीन ताई. शुल्क २,५०० रुपये, सर्व साहित्यासह. प्रवेशाआधी एकदा येऊन जागा पाहून जा.»

शेवटून दुसरा परिच्छेद वाचून तुम्हाला कदाचित धास्ती वाटेल की आपणच आपले महत्त्व कमी करत आहोत. तो काढू नका. गेल्या वर्षीची तक्रार याच परिच्छेदामुळे यंदा उद्भवणार नाही, आणि जो पालक हे वाचूनही प्रवेश घेतो त्याची अपेक्षा तुम्ही पुरी करू शकता. मोठमोठी आश्वासने देणाऱ्या चार पत्रकांशेजारी ठेवल्यावर मर्यादा सांगणारे पत्रक अधिक खरे वाटते, असा माझा इतक्या वर्षांच्या जाहिरात-लेखनातला अनुभव आहे. एक डिंकाची बाटली आणि एक पट्टी हा तपशीलही काढू नका. 'सहकार्य', 'सामाजिक कौशल्ये', 'सर्वांगीण विकास' हे शब्द लिहिण्याची गरज त्याने संपते, शिवाय मुलांना समोरासमोर बोलायला लावायचे म्हणजे काय करायचे, हे पालकाला त्यात दिसते. मात्र तसे प्रत्यक्षात करत असाल तरच तो तपशील ठेवा.

हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पूर्ण पाठवू नये. लांब निरोपाचा फक्त वरचा भाग दिसतो आणि पुढचा मजकूर उघडण्यासाठी बोट लावावे लागते, त्यामुळे पहिल्या चार ओळींतच वय, ठिकाण, तारखा, वेळ आणि मथळा आला पाहिजे. खाली फोनच्या नियमाची दोन वाक्ये आणि दुपारच्या पिशवीचे एक वाक्य पुरे. रंगीत चित्र बनवून त्यातच सगळा मजकूर कोंबण्याची पद्धत पडली आहे, पण चित्रातली बारीक अक्षरे आजोबांना वाचता येत नाहीत आणि त्यातला फोन क्रमांक सहज उचलून घेता येत नाही. साधा मजकूर आणि सोबत गेल्या वर्षीचा एक खरा फोटो, मातीने भरलेले हात दिसतील असा, पालकांच्या संमतीने पाठवा. हातांच्या फोटोत मुलाचा चेहरा दाखवण्याचा प्रश्नही येत नाही.

घरी आजी-आजोबा असतील तर दुपारची पिशवी त्यांच्याच समोर उघडली जाणार आहे, म्हणून त्यांच्यासाठी अर्ध्या पानाची वेगळी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत छापून पहिल्या दिवशीच्या पिशवीत घाला. तिच्यात फोन देऊ नका असा उपदेश नको. चिंचोक्यांचा खेळ, सागरगोटे, पट, यांपैकी तुम्हाला येत असेल ते मुलाला शिकवा आणि तुमच्या गावी त्याचे नियम कसे होते ते सांगा, उद्या मूल ते आम्हाला सांगणार आहे, असे लिहा. दुपारी फोन हाती देणाऱ्या माणसाला त्याच वेळी करण्याजोगे दुसरे काम मिळणे, हे सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणि फोनवर पुन्हा "मोबाईल सुटेल ना?" असे कोणी विचारलेच, तर उत्तर आधी ठरवून दोघींनी सारखेच द्यावे: "सकाळी आठ ते साडेअकरा त्याची आठवणही होणार नाही याची व्यवस्था आमची. दुपारी एक तासाचे काम देऊ. बाकीचा दिवस तुमच्याकडे कसा असतो ते सांगता का?" हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. दहा-पंधरा पालकांची उत्तरे जमली की दुपारच्या पिशव्यांत काय घालायचे ते तुम्हाला कळेल, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकातले पहिले वाक्य त्यांच्याच शब्दांत सापडेल. शिबिरानंतर लगेच अभिप्राय मागण्याची घाई करू नका, कारण निरोपाच्या दिवशी सगळेच छान म्हणतात. तीन आठवड्यांनी, जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी एकच प्रश्न पाठवा: "शिबिरातले काही मूल अजून घरी करते का, आणि कोणाबरोबर?" ज्यांचे उत्तर 'नाही' असेल त्यांचे आभार मानून तेही वहीत नोंदवा. ज्यांचे उत्तर 'हो' असेल त्यांचे वाक्य परवानगी घेऊन, एक अक्षरही न बदलता, पुढच्या पत्रकात छापा.